कळलावीच्या फोटोवरून वनस्पतिचित्र काढताना

प्रश्न: ताई, मी साताऱ्यात बी.एस्सी. बॉटनीला आहे. यवतेश्वर घाटात मोबाईलवर काढलेला कळलावीच्या फुलाचा एक छान फोटो माझ्याकडे आहे. त्यावरून बारीक रेषांचं, भागांची नावं लिहिलेलं आणि सौम्य, नैसर्गिक रंगांचं शास्त्रीय चित्र करायचं आहे. फोटो ट्रेस करून रंगवला तर फूल चपटं आणि भडक दिसतं. कुठे चुकतंय?

उत्तर:

चूक हाताची नाही, ट्रेस करण्याची आहे. एका फोटोत फूल एका बाजूने, एका क्षणी, जवळून दिसतं. त्यातली बाह्यरेषा उचलली की कॅमेऱ्याने केलेले सगळे फेरफारही सोबत येतात. शास्त्रीय चित्रात आधी फुलाची रचना मांडावी लागते आणि मग फोटोतून त्या फुलाचा डौल, वळणं आणि पोत घ्यायचा असतो. कळलावीच्या बाबतीत हे विशेष खरं आहे, कारण तिचं फूल खाली झुकलेलं, पाकळ्यांसारखे भाग उलटे वर वळलेले आणि पुंकेसर चहूबाजूंना पसरलेले असतात. समोरून काढलेल्या फोटोत यातलं निम्मंअधिक दडून जातं.

पेन्सिल हातात घेण्याआधी फुलाचा हिशोब पक्का करा. कळलावीत, म्हणजे ग्लोरिओसा सुपर्बात, निदलं आणि पाकळ्या अशी वेगळी विभागणी नसते. सहा सारखेच भाग असतात, त्यांना परिदलं म्हणायचं. चित्रावर 'पाकळ्या' असं लिहिलंत तर परीक्षक तिथेच थांबतील. ही परिदलं तीन बाहेरची आणि तीन आतली अशा दोन वलयांत असतात. पुंकेसरही तसेच, तीन आणि तीन, आणि प्रत्येक पुंकेसर एका परिदलाच्या समोर उगवतो. हा नियम फार कामाचा आहे. चित्र झाल्यावर एखाद्या पुंकेसराचा तळ दोन परिदलांच्या मधून निघालेला दिसला, तर फुलात नव्हे, तुमच्या रेषेत गडबड आहे असं समजा. मध्यभागी हिरवा, तीन कप्प्यांचा अंडाशय असतो आणि त्याच्या टोकाशी कुक्षीवृंत जवळजवळ काटकोनात वळून एका बाजूला जातो. कळलावीची खरी ओळख या वळणात आहे. वरून काढलेल्या फोटोत नेमकं हेच वळण नाहीसं होतं.

म्हणून शक्य असेल तर पुन्हा जा. पावसाळा संपेपर्यंत घाटाच्या कुंपणांवर आणि झुडपांत वेल फुललेला असतो. कासच्या पठारावर फुलं तोडू नका. ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांपैकी एक आहे. रस्त्याकडेला जिथे वेल भरपूर आहे तिथलंच एखादं फूल घ्या. फोटो काढताना फोन फुलाला टेकवू नका. जवळून घेतलेल्या फोटोत पुढचा पुंकेसर जाड आणि लांब, तर मागचा बारीक आणि आखूड दिसतो. हातभर मागे सरका, फोनमध्ये स्वतंत्र टेली लेन्स असेल तर ती वापरा, नसेल तर दूरून काढून नंतर कापा. कॅमेरा फुलाच्या पातळीच्या किंचित खाली ठेवा आणि फुलाभोवती फिरत राहा. कुक्षीवृंत फोटोच्या प्रतलात आडवा, सरळ डावीकडे किंवा उजवीकडे दिसेल अशी जागा शोधा. तो तुमच्याकडे रोखलेला असेल तर चित्रात नुसता ठिपका उरतो. फुलाच्याच अंतरावर एक पट्टी आणि पांढऱ्या कागदाचा तुकडा धरून आणखी एक फोटो घ्या. पट्टी मापासाठी, कागद रंगासाठी. त्याखेरीज पाठीमागून, खालून आणि पानांचा असे तीन फोटो हवेतच. पानाचं टोक लांबून त्याचं प्रतान होतं, त्याच्या वेढ्याने वेल आधाराला धरतो. फुलाच्या चित्रात एखादं पान तरी त्या प्रतानासह यावं.

आता मांडणी. समजा, तुम्ही मोजलेलं परिदल ७ सें.मी. आणि केसरतंतू ४ सें.मी. भरला. ए-फोर कागदावर दीडपट आकार बरा बसतो, म्हणजे परिदल साडेदहा आणि तंतू ६ सें.मी. सहा तंतू मध्यातून जवळपास आडवे पसरतात, त्यामुळे त्यांची टोकं एका वर्तुळावर येतात. हे वर्तुळ तिरकं पाहिलं की लंबवर्तुळ होतं. त्याचा लांब अक्ष १२ सें.मी., आणि कॅमेरा किंचित खाली असेल तर आखूड अक्ष साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा, म्हणजे ४ सें.मी. धरा. ट्रेसिंग पेपरवर हे लंबवर्तुळ पेन्सिलीने हलकं काढा. त्याच्या बरोबर वर, दोन्हींचे मध्य एकाच उभ्या रेषेत ठेवून, १२ सें.मी. व्यासाचं पूर्ण वर्तुळ काढा आणि त्याचे सहा समान भाग करा. कुक्षीवृंत उजवीकडे जाणार असेल तर तो कुठल्या दोन तंतूंच्या मधून जातो ते फुलावर पाहून त्याला उजवं टोक द्या आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे तंतू ३०-३० अंशांवर घ्या. मग उरलेले आपोआप ९०, १५०, २१० आणि २७० अंशांवर येतात. वर्तुळावरच्या प्रत्येक बिंदूपासून उभी रेषा लंबवर्तुळापर्यंत नेली की टोकांच्या जागा मिळतात.

हे केल्यावर एक गोष्ट लक्षात येते. दोन्ही बाजूंचे चार तंतू चित्रात सुमारे सव्वापाच सें.मी. लांब दिसतात, आणि समोरचा व मागचा असे दोन जेमतेम २ सें.मी. सगळे खरे ६ सें.मी. असूनही! ट्रेस केलेल्या चित्रात समोरचा आणि मागचा तंतू बरोबरीचे येत नाहीत. जवळचा मोठा, लांबचा छोटा. फोटो पाहणाऱ्याला ते खटकत नाही, चित्र पाहणाऱ्याला मात्र फूल वाकडं वाटतं. आपण खालून पाहत असल्यामुळे जवळचा तंतू वरच्या बाजूला येऊन परिदलांच्या तळावरून जातो आणि लांबचा अंडाशयामागे लपतो, हेही तपासून घ्या. तंतू अगदी सरळ काढू नका, टोकाकडे ते हलके वर वळतात. ते वळण प्रत्येक फुलात वेगळं असतं आणि फोटोतून घ्यायचं असतं ते नेमकं हेच.

तंतूच्या टोकाला लांबट परागकोश पाठीच्या मध्यावर एका बिंदूत जोडलेला असतो आणि तराजूच्या दांडीसारखा झुलतो. वाऱ्यात काढलेल्या फोटोत तो पुसट होतो आणि काहीजण तो तंतूच्या रेषेतच पुढे ओढतात. हातातल्या फुलावर जोड पाहा आणि चित्रात किमान दोन परागकोश तंतूला आडवे ठेवा, म्हणजे जोड बघणाऱ्याला कळेल.

परिदलांसाठी मधली शीर आधी काढा. तळापासून टोकापर्यंत एकच सलग वक्र रेषा. नंतर तिच्या दोन्ही बाजूंनी कडा. कडा नागमोडी आहे म्हणून आधी कड काढून मग शिरा भरल्या, तर शिरा कडेसोबत हेलकावे खातात आणि परिदल कागदाच्या झालरीसारखं होतं. खरं तर शिरा तळापासून टोकाकडे लांबीच्या दिशेने जातात आणि कडेच्या सुरकुत्या त्यांच्यावरून फिरतात. कड जिथे आत वळते तिथे परिदलाची पाठ दिसते, तेवढा तुकडा स्वतंत्रपणे काढा. परिदलं वर उलटलेली असल्यामुळे आपल्या बाजूच्या परिदलांची आतली बाजू दिसते आणि पलीकडच्यांची पाठ. कुठलं परिदल कुठल्या बाजूने दिसतंय, हे ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने 'आ' आणि 'पा' असं लिहून ठेवा, रंगवताना गोंधळ होत नाही.

अंडाशयाचा आडवा छेद आणि एक परागकोश असे दोन मोठे तपशील चित्राच्या खालच्या कोपऱ्यात ठेवा. छेद घेताना हातमोजे घाला. कळलावीत कोल्चिसिन हे जहाल विष असतं, सगळ्या भागांत, कंदातही. घरातला विळा, पाट वापरू नका, ब्लेड आणि जुनी टाइल घ्या, नंतर हात साबणाने धुवा. जमिनीखालचा कंद उकरून काढू नका. वेल मरेल आणि कंद घरात ठेवणं धोक्याचंही आहे. तो 'व्ही'सारखा दुभंगलेला असतो, पण चित्रात हवाच असेल तर विभागातल्या किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या हर्बेरियमच्या नमुन्यावरून, परवानगी घेऊन काढा. छेदात तीन कप्पे, मध्याशी चिकटलेल्या बीजांडांच्या रांगा दिसतात. दहापटीचं साधं भिंग पुरतं. आकार काही पट मोठा असेल, तरी चित्राखाली 'चारपट' असं लिहू नका. छपाईत चित्र लहान-मोठं झालं की ते खोटं ठरतं. त्याऐवजी शेजारी एक छोटी रेघ काढून तिच्यावर '२ मि.मी.' लिहा. रेघही चित्रासोबत लहान-मोठी होते, म्हणून ती खरीच राहते.

ट्रेसिंग पेपरवर परिदलं, पुंकेसर, अंडाशय वेगवेगळ्या तुकड्यांवर काढून एकमेकांवर सरकवून पाहा. जुळले की खिडकीच्या काचेवर किंवा लाइटबॉक्सवर ठेवून ३०० जीएसएमच्या हॉट प्रेस्ड कागदावर उतरवा. खडबडीत कागदावर बारीक पेन अडखळतं. साताऱ्यातल्या पावसाळी हवेत कागद दमट होतो आणि शाई वाळायला वेळ लागतो, त्यामुळे कागद बंद कपाटात, प्लॅस्टिकमध्ये ठेवा आणि शाईच्या रेषेवर पाणी लावण्याआधी तिला रात्रभर वाळू द्या. त्याच कागदाच्या तुकड्यावर रेघ ओढून ओल्या ब्रशने पुसून पाहिल्याशिवाय कोणत्याही पेनवर विश्वास ठेवू नका.

रेषेची जाडी हे या चित्रातलं सगळ्यात मोठं हत्यार आहे. प्रकाश वरून डावीकडून येतो असं गृहीत धरण्याचा रिवाज आहे. म्हणून परिदलाची उजवी-खालची कड ०.२ च्या पेनाने, डावी-वरची ०.१ ने, शिरा ०.०५ ने. शीर तळाशी थोडी ठळक आणि टोकाकडे मध्येच सोडून द्यायची, टोकापर्यंत ओढायची नाही. एक भाग दुसऱ्याच्या मागून जातो तिथे मागची रेघ पुढच्या रेघेला भिडू देऊ नका, केसभर आधी थांबवा. त्या रिकाम्या फटीने खोली येते, सावली न घालताही. आणि काळी शाई नको. लाल रंगाभोवती काळी रेघ आली की फूल वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसारखं होतं. सेपिया किंवा गडद राखाडी वापरा.

आता रंग. तुमचं फूल भडक येतं याचं कारण फोनचा फोटो. मोबाईल लाल रंग फुगवतो आणि त्याच्या कमाल मर्यादेला टेकवतो, त्यामुळे शिरा, सुरकुत्या, सावली सगळं एकाच लाल पट्ट्यात विरतं. ओळखायची खूण सोपी आहे. फोटो मोठा करून लाल भागात पाहा, शिरा दिसत नसतील तर तिथला तपशील फोटोतून परत मिळणार नाही. पुढच्या वेळी स्क्रीनवर सूर्याच्या चिन्हाने उजेड एक पायरी कमी करून काढा. ढगाळ दुपार रंगासाठी सर्वोत्तम. आणि खात्रीचा मार्ग म्हणजे फुलाजवळच रंगपट्टी तयार करणं. कागदाच्या चिंचोळ्या पट्टीवर मिश्रणाचे ठिपके देऊन ते परिदलाशेजारी धरायचे, जुळणाऱ्या ठिपक्याजवळ मिश्रण लिहायचं. ही पट्टी घरी आणली की स्क्रीनकडे पाहण्याची गरज उरत नाही.

रंग सौम्य करण्यासाठी काळा किंवा पांढरा मिसळू नका. काळ्याने लाल मळतो, पांढऱ्याने गुलाबी, दुधाळ होतो. लालमध्ये अगदी चिमूटभर हिरवा घाला. स्कार्लेट लेकमध्ये सॅप ग्रीनचा ब्रशच्या टोकाएवढा अंश, इतकंच. रंग विटकरीकडे झुकतो पण मरत नाही. पिवळ्याची सावली यलो ऑकरने. पानांसाठी सॅप ग्रीनमध्ये थोडा बर्न्ट सिएना.

तीन थर पुरतात. पहिला, अख्ख्या परिदलावर पाण्यासारखा पातळ पिवळा. तो अर्धवट ओला असतानाच टोकाकडून लाल सोडा आणि तळ व कडा पिवळ्या राहू द्या, लाल आपण होऊन सरकत जातो. हे पूर्ण वाळू द्या. तिसरा थर ब्रश जवळजवळ कोरडा करून, शिरांच्या दिशेने बारीक फटकाऱ्यांनी, हिरवा मिसळलेल्या लालाने. पेनाच्या शिरा त्यातून दिसत राहिल्या पाहिजेत. त्या झाकल्या गेल्या तर रंग जास्त झाला. तुमचा हात थांबत नसेल तर चित्राचा फोटो काढून तो काळा-पांढरा करून पाहा. पिवळी कड आणि लाल मध्य तिथे वेगळे दिसत नसतील, तर फरक फक्त रंगाचा आहे, उजेड-सावलीचा नाही, आणि चित्र चपटं दिसणारच.

कळलावीचं फूल एका रंगाचं राहत नाही, याकडेही लक्ष असू द्या. उमलताना ते हिरवट-पिवळं असतं, मग तळ-कडा पिवळ्या व बाकी लाल, आणि शेवटी सगळंच लाल होतं. वेगवेगळ्या फुलांचे फोटो एकत्र करून एका फुलात रंग मिसळले तर असं फूल निसर्गात कधीच नसतं. उलट वेलावर टोकाकडे कोवळी फुलं व कळ्या, खालच्या बाजूला जुनी, असा क्रम असतो. जागा असेल तर कळी, नुकतं उमललेलं आणि पूर्ण लाल झालेलं अशी तीन फुलं त्याच क्रमाने एका फांदीवर दाखवा. तुमच्या चित्राला यापेक्षा मोठी शास्त्रीय भर दुसरी नाही.

नावं शेवटी लिहायची, रंग पूर्ण वाळल्यावर. परिदल, केसरतंतू, परागकोश, अंडाशय, कुक्षीवृंत, कुक्षी, पुष्पवृंत आणि पानाचं प्रतान, एवढी आठ पुरेशी आहेत. कुक्षी टोकाला तीन भागांत फाकलेली असते, ती तिथे दिसली पाहिजे. निर्देशरेषा ०.०५ च्या, पट्टीने ओढलेल्या, बाणाशिवाय. त्या भागात घुसून थांबायला हव्यात, भागाच्या बाहेर हवेत नव्हे, आणि एकमेकींना छेदायला नकोत. सगळी नावं उजवीकडे एका उभ्या ओळीत आली की नजर भटकत नाही. देवनागरी अक्षर ३ मि.मी.पेक्षा लहान ठेवलं तर मात्रा आणि अनुस्वार शाईत बुजतात. माझी पद्धत अशी की मूळ चित्रावर फक्त 'अ', 'आ' अशी अक्षरं टाकते आणि नावं खाली सूचीत देते. मग ते चित्र दुसऱ्या भाषेतही वापरता येतं.

तुम्हाला परत जाणं शक्य नसेल आणि हातात तो एकच फोटो असेल, तर चित्र करा, पण अंडाशयाचा छेद मनाने काढू नका. फोटोत जे दिसतं तेच दाखवा आणि तळाशी 'छायाचित्रावरून' असं लिहा. सूचीच्या शेवटी शास्त्रीय नाव रोमन लिपीत तिरप्या अक्षरांत, जागा, महिना-वर्ष, मोजमापं आणि फूल कोणत्या अवस्थेतलं होतं ते टाका. पुढे कुणी तुमचं चित्र ओळखीसाठी वापरलं, तर त्यांना या पाच गोष्टी विचाराव्या लागतील, आणि त्या तेव्हा तुम्हालाही आठवणार नाहीत.